वेताळ, जिमी वेल्स आणि रेटकॉन: मूळकथा बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

नवी गोष्ट सांगताना कॉमिक्सचा लेखक कधी कधी जुन्या गोष्टीतली माहिती बदलतो आणि ती पहिल्यापासून तशीच होती असं धरून पुढे जातो. याला रेटकॉन म्हणतात. वाचक यावर इतके का भांडतात, हे बघायला आपल्या ओळखीचा नायक घेऊया: इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजेच ली फॉकचा फँटम.

फँटमची चित्रपट्टी फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. पहिल्याच कथेत जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषारामी तरुण भेटतो. डायना पामरवर त्याचं प्रेम आहे. हा जिमीच बुरखा घालून फँटम होतो, असं फॉकच्या डोक्यात होतं. पण ते गुपित फोडण्याआधीच त्याने बेत बदलला. फँटम जंगलात गेला आणि वेगळीच मूळकथा आली. सुमारे ४०० वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका माणसाने कवटीवर शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच वेष चढवतो. आजचा फँटम एकविसावा. जिमी मात्र मागे पडला.

आता हा रेटकॉन आहे का? एक वाचक म्हणतो, हो, कारण सुरुवातीची सगळी सूचना जिमीकडेच बोट दाखवते. दुसरा म्हणतो, नाही, 'जिमी म्हणजे फँटम' असं एकाही चौकटीत लिहिलेलं नाही. जे ठरलंच नव्हतं ते बदललं कसं म्हणायचं? दोघांनी वाचलेली पानं तीच आहेत. फरक आहे तो पुरावा कशाला मानायचं यात. पहिला सूचनेला आणि लेखकाच्या हेतूला पुरावा मानतो, दुसरा फक्त छापलेल्या मजकुराला. वाद विकोपाला जातो तो इथेच, कारण दोघांनाही वाटतं की आपण कथेबद्दल बोलतोय.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. मुंबईहून टाइम्स समूहाने १९६४ पासून काढलेल्या इंद्रजालमध्ये फँटमच्या 'बेंगाला' देशाचं 'डेंकाली' झालं आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. शपथेच्या कथेतले खलनायकच हे, त्यामुळे मूळकथेतलं नाव बदललं. पण हा रेटकॉन नाही. फॉकने कथेचा भूतकाळ बदलला नव्हता, संपादकांनी एका आवृत्तीतला मजकूर बदलला होता. तरी फक्त इंद्रजाल वाचून मोठा झालेल्या वाचकासाठी डेंकाली हेच खरं नाव. मूळ पट्टी पुढे कधी हाती आली, तर त्याला उलट तिथेच काहीतरी बदलल्यासारखं वाटेल.

म्हणून या विषयावर काम करणार असाल, तर प्रत्येक 'बदला'ची नोंद चार रकान्यांत करा: चौकटीत काय छापलंय, त्यावरून वाचकाने काय ताडलं, लेखक कथेबाहेर काय म्हणाला, आणि आपण कुठली आवृत्ती वाचतोय. पहिल्या रकान्यातली जुनी नोंद त्याच आवृत्तीतल्या नव्या नोंदीशी जुळत नसेल, तर रेटकॉन म्हणायला भक्कम आधार आहे. जिमीच्या बाबतीत पहिला रकाना रिकामा राहतो आणि पुढचे दोन भरतात. त्यामुळे 'रेटकॉन आहे की नाही' याचं उत्तर तुमच्या व्याख्येवर ठरणार, आणि ती व्याख्या प्रबंधात आधीच लिहावी लागणार.