ओटीतली चप्पल

सिझेरियनमध्ये गर्भाशय उघडताच गर्भजल आणि रक्त टेबलावरून खाली ओघळते. सक्शनच्या नळीतून सुटलेले थेट सर्जनच्या पायांवर येते. साधी रबरी स्लीपर तिथे कुचकामी ठरते. वर भोके असलेला क्लॉगही तसाच, कारण भोकांतून रक्त मोज्यात झिरपते आणि हातातून निसटलेले ब्लेड थेट बोटांवर पडू शकते.

म्हणून वरून पूर्ण बंद, पाणी न शोषणारा क्लॉग हवा. टाचेमागे पट्टा असेल तर धावपळीत तो निसटत नाही. तळाच्या खाचा द्रव बाजूला सारतात; पण त्यांत रक्त सुकून बसले की ओल्या फरशीवर पाय सरकतो.

दोन केसेसच्या मध्ये नुसते पुसून भागत नाही. हातमोजे घालून आधी डिटर्जंटच्या पाण्यात ब्रशने खाचा घासायच्या, मगच जंतुनाशक लावायचे. क्रम उलटा झाला तर रक्तातली प्रथिने हायपोक्लोराइटचा जोर खाऊन टाकतात. ठरलेला वेळ ते राहू द्यायचे, मग धुऊन कोरडे करायचे.

ऑटोक्लेव्हमध्ये मात्र उत्पादकाने परवानगी दिलेलीच जोडी टाकावी. हलक्या ईव्हीए फोमचे क्लॉग १२१ अंशांच्या वाफेत आक्रसतात. तळ गुळगुळीत झाला किंवा चीर पडली, की जोडी बाद!