घाट उतरताना काळी पडणारी नखं

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं अंतर 21 किलोमीटर. शहरातून निघून बोगदा ओलांडला की यवतेश्वरचा घाट लागतो. निम्मी शर्यत चढायची आणि त्याच रस्त्याने परत उतरायचं. नवखे धावपटू सगळी तयारी चढासाठी करतात, कारण दम तिथे लागतो. पायाचे हाल मात्र उतारावर होतात. त्यात दिवस पावसाळ्याच्या अखेरचे, त्यामुळे बूट अनेकदा ओले असतात.

उतारावर प्रत्येक पावलाला बूट जमिनीवर थांबतो आणि आतला पाय पुढे सरकतो. अंगठा किंवा शेजारचं बोट बुटाच्या टोकावर आपटतं. हजारो वेळा असं आपटल्यावर नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. असं नख बहुधा पुढे गळून जातं. अंगठ्याचं नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

याचं मूळ बहुतेक वेळा बुटाच्या मापात असतं. ऑफिसच्या बुटाचंच माप धावण्याच्या बुटाला चालेल, असं आपण धरून चालतो. धावताना पाय सुजतो, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि धावण्याचे मोजे घालूनच बूट चढवावेत. उभं राहून सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, ते बघा. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा माप त्या बोटाचं धरा. मग दुकानाच्या उतरत्या फरशीवर उताराकडे तोंड करून पाय दाबा. बोट टोकाला टेकलं, तर एक नंबर मोठा घ्या.

मोठ्या बुटात पाय आणखी सरकेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय लेसचा. धावण्याच्या बुटांना घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं आणि बहुतेकांच्या बुटात ते रिकामंच राहतं. लेस त्याच बाजूच्या या शेवटच्या भोकात घालून छोटा फासा ठेवायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करायचं. मग डावी लेस उजव्या फाशातून, उजवी डाव्या फाशातून काढून ओढायची आणि गाठ मारायची. टाच जागेवर पक्की बसते. चवड्यावरची लेस मात्र सैल ठेवावी. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापावीत, कोपरे खोल कापू नयेत.

फोडाचं कारणही सरकणंच, पण वेगळ्या तऱ्हेचं. आतलं हाड हलतं आणि वरची कातडी मोज्याला चिकटून राहते. या ओढाताणीत कातडीचे थर आतून सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. दमट कातडी जास्त चिकटते, म्हणून सुती मोजे टाळा; ते घाम धरून ठेवतात. पॉलिस्टर-नायलॉनचे पातळ मोजे बरे. पाणवठ्यावर डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा मोह आवरा, कारण ते पाणी शेवटी बुटातच उतरतं.

नेहमी फोड येतो त्या जागी मेडिकलमध्ये मिळणारी साधी कागदी पट्टी, म्हणजे मायक्रोपोर, कोरड्या पायावर एका थरात, सुरकुती न पडू देता लावावी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अनेक दिवस चालणाऱ्या 250 किलोमीटरच्या शर्यतींत या पट्टीमुळे फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. धावताना एखादी जागा गरम होऊन चुरचुरू लागली, तर तिथेच थांबून पट्टी लावा. त्यात जाणारी दोन मिनिटं फोड घेऊन केलेल्या उतारापेक्षा स्वस्त पडतात.

मांड्या, काखा, ब्राच्या पट्ट्याखालची कातडी आणि पुरुषांची स्तनाग्रं घामाच्या मिठाने सोलवटतात. सुरू होण्यापूर्वी व्हॅसलिनचा जाड थर द्यावा आणि पाऊस असेल तर छोटी डबी खिशात ठेवून मध्ये पुन्हा लावावं. पावडर लावू नये. घामाने तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. स्तनाग्रांवर पट्टी सर्वांत खात्रीची. सुती टी-शर्ट भिजून जड होतो, तो घरीच ठेवा.

एवढं करूनही फोड आलाच आणि लहान असला, तर तो फोडू नका. मोठा आणि दुखरा असेल, तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी तशीच राहू द्या आणि पट्टी बांधा. मधुमेह असलेल्यांनी मात्र घरी सुई लावू नये. लाली पसरत गेली किंवा पू आला, तर डॉक्टरांकडे जा. नखाखाली ठणका असह्य असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच जावं. डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. काही मार न लागता नखावर काळी रेघ उमटली आणि नख वाढूनही ती पुढे सरकली नाही, तर ती धावण्याची खूण समजू नका. ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण क्वचित तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.