रोहिणी, व्याध आणि एक आलेखाचा कागद

जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमाराला यावलच्या गच्चीवर उभं राहिलं की रोहिणी जवळजवळ डोक्यावर असते. उत्तरेला सातपुड्याची काळी कड असते. दक्षिणेला भुसावळच्या बाजूला क्षितिजालगत उजेडाचा पट्टा दिसतो, पण त्याच्या वर आग्नेयेला व्याध चांगला उंच आलेला असतो. व्याध निळसर पांढरा, रोहिणी तांबूस नारिंगी. ताऱ्यांचा तापमान आणि तेजस्वितेचा आलेख शिकवायला मी या दोघांपासूनच सुरुवात करतो, कारण त्यांच्या रंगातला फरक दाखवायला दुर्बीण लागत नाही.

रंग म्हणजे तापमान. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, ताऱ्यांचंही तसंच. रोहिणीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 3900 केल्विन आहे, आपल्या सूर्याचं 5770 आणि व्याधाचं 9900. खगोलशास्त्रज्ञ निळ्या आणि पिवळसर-हिरव्या गाळणीतून ताऱ्याचा प्रकाश वेगवेगळा मोजतात आणि त्यांच्या फरकावरून तापमान काढतात. हे मोजमाप तारा उंच असतानाच करावं लागतं. उगवता व्याध लाल-हिरवा चमकतो, पण ती करामत आपल्या हवेची असते, ताऱ्याची नव्हे.

दुसरी गोष्ट तेजस्विता, आणि इथेच नवशिक्याचा पाय घसरतो. तारा आपल्याला किती ठळक दिसतो हे आलेखात मांडायचं नसतं, तो मुळात किती प्रकाश टाकतो हे मांडायचं असतं. त्यासाठी अंतर हवं. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर. हा हिशेब केला की चित्र उलटतं. आकाशातला सर्वांत ठळक तारा असलेला व्याध सूर्याच्या 25 पट प्रकाश टाकतो. त्याच्यापुढे फिकी वाटणारी रोहिणी मात्र सुमारे 400 पट. या 400 मध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही धरला आहे. नुसता दिसणारा प्रकाश मोजला तर रोहिणीचा आकडा दीडशेच्या आसपासच येतो. थंड ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अवरक्तात जातो, म्हणून उभ्या अक्षावर कुठला प्रकाश मोजला आहे हे आधी वाचायचं.

आता कागद. आडव्या अक्षावर तापमान असतं, पण उलट्या दिशेनं: डावीकडे तप्त, उजवीकडे थंड. उभ्या अक्षावर तेजस्विता असते आणि तिथला प्रत्येक मोठा चौकोन दहा पटींचा असतो. सूर्य 1 वर, त्याच्या एक चौकोन वर 10, मग 100; खाली एक दशांश, एक शतांश. हा आलेख डेन्मार्कचे हर्ट्‌झस्प्रुंग आणि अमेरिकेचे रसेल यांनी 1911 ते 1914 या काळात स्वतंत्रपणे मांडला, म्हणून तो दोघांच्या नावानं ओळखला जातो.

खूप तारे मांडले की बहुतेक ठिपके डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या एका पट्ट्यात येतात. हा मुख्य क्रम. व्याध आणि सूर्य दोघंही त्यावर आहेत. मुलांना वाटतं की तारा या पट्ट्यावरून घरंगळत खाली येतो. तसं होत नाही. पट्ट्यावरची जागा वस्तुमानानं ठरते: जड तारा वर, हलका खाली. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असतं तोवर तारा जवळपास आपल्याच जागी राहतो, आणि आयुष्याचा बहुतेक काळ त्यातच जातो. सूर्याच्या बाबतीत हा काळ सुमारे 1000 कोटी वर्षांचा आहे.

रोहिणी मात्र या पट्ट्यात बसत नाही. तिचा ठिपका वर, उजवीकडे पडतो. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, सूर्यापेक्षा थंड असून ती इतका प्रकाश टाकते कशी?" तिच्या प्रश्नाचं उत्तर वहीतच निघतं. पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घातानं बदलते. रोहिणीचं तापमान सूर्याच्या दोन तृतीयांश आहे. दोन तृतीयांश चार वेळा गुणले की सुमारे एक पंचमांश येतं. म्हणजे रोहिणीचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच उजेड देतो, तरी एकूण उजेड 400 पट आहे. मग तिचा पृष्ठभाग 2000 पट हवा. 2000 चं वर्गमूळ सुमारे 45, म्हणजे रोहिणीचा व्यास सूर्याच्या साधारण 45 पट. तिला राक्षसी तारा म्हणतात ते यासाठी. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर ती फुगली आहे. हे उत्तर पडताळताही येतं: चंद्र अधूनमधून रोहिणीला झाकतो, तेव्हा तिचा प्रकाश किती वेळात मालवतो यावरून तिची कोनीय रुंदी मिळते आणि व्यास याच मापाचा येतो.

तीच रीत आता खालच्या डाव्या कोपऱ्याला लावा. व्याधाला एक जोडीदार आहे. व्याधाच्या डुलत्या चालीवरून बेसेल यांनी 1844 मध्ये तो ओळखला आणि 1862 मध्ये तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. त्याचं तापमान सुमारे 25,000 केल्विन आहे, पण तेजस्विता सूर्याच्या फक्त चाळिसाव्या हिश्शाएवढी. तापमान सव्वाचार पटींहून जास्त, त्याचा चौथा घात सुमारे 350. इतका प्रखर पृष्ठभाग असून एकूण प्रकाश एक चाळिसांश, म्हणजे पृष्ठभाग सूर्याच्या चौदा हजारांश. वर्गमूळ काढलं की व्यास सूर्याच्या सुमारे 118 व्या हिश्शाएवढा येतो. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या 109 पट आहे, तेव्हा हा तारा पृथ्वीपेक्षाही किंचित लहान ठरतो. वस्तुमान मात्र जवळजवळ सूर्याइतकं. त्याच्या एका घन सेंटिमीटरचं वजन दोन टनांहून अधिक भरेल. हा श्वेतबटू: इंधन संपलेला, नुसता निवत जाणारा गाभा. असा तारा सूर्याच्या सुमारे 1.4 पटीपेक्षा जड असू शकत नाही, ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावानं ओळखली जाते.

आलेख फसवतो तो अंतरानं. रोहिणी ज्या व्ही आकाराच्या ताऱ्यांच्या थव्यात दिसते, तो थवा सुमारे 150 प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी त्या थव्यातली नाही, ती वाटेत मध्येच आहे. तिला थव्यातली समजून तेच अंतर वापरलं, तर तेजस्विता पाच पटींहून जास्त फुगते आणि व्यासही दुपटीहून मोठा निघतो. एखादा ठिपका वेगळाच पडला की आधी त्याचं अंतर तपासायचं.

आणखी एक गोष्ट ठिपक्यांच्या गर्दीवरून कळते. गच्चीवरून दिसणारे ठळक तारेच मांडले तर आलेखाचा वरचा भाग भरतो आणि राक्षसी तारे फार आहेत असं वाटतं. सूर्याच्या शेजारचे सगळे तारे मांडले तर उजवा खालचा कोपरा भरतो, कारण बहुतेक शेजारी मंद लाल बटू आहेत आणि त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. श्वेतबटूही तसेच. आकाश तेच असलं तरी निवड बदलली की आलेख बदलतो. म्हणून असा आलेख हाती आला की ठिपके बघण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे तारे कसे निवडले आहेत, आणि त्यांची अंतरं कशी मोजली आहेत?