घरच्या लॅन पार्टीचा आराखडा

लॅन पार्टी म्हणजे एका खोलीत जमलेल्यांनी आपापले संगणक केबलने जोडून, इंटरनेटवर विसंबून न राहता एकत्र खेळलेला खेळ. असा खेळ नेटवर्कवर फारच थोडा भार टाकतो. एका खेळाडूची हालचाल, नेम आणि गोळी यांची माहिती सेकंदाला साधारण काही दहा किलोबाइटच्या घरात असते. तरीही अशा बैठकांचे पहिले दोन-तीन तास वाया जातात, कारण ऐनवेळी कुणाकडे खेळच नसतो आणि कुणाचा अपडेट मागत असतो. समजा, ३० जीबीचा खेळ आठ जणांना हवा आहे आणि घरी ५० एमबीपीएसचे ब्रॉडबँड आहे. आठ वेळा डाउनलोड करायचा तर २४० जीबी उतरवायला साडेदहा तासांहून अधिक वेळ लागेल. तोच खेळ एकाकडे आधीपासून असेल, तर गिगाबिट स्विचवरून दुसऱ्याला देण्यासाठी आदर्श स्थितीत चार-पाच मिनिटे पुरतात. हार्ड डिस्क जुनी असेल तर वेळ वाढतो, पण तो मिनिटांतच मोजला जातो. गिगाबिट स्विच लागतो तो या कॉपीसाठी. नुसता खेळ १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरही सुखाने चालतो.

स्विच घेताना आधी पोर्ट मोजावेत. आठ खेळाडू, एक सर्व्हर आणि घरचा राउटर अशी दहा जोडणी झाली, म्हणजे आठ पोर्टचा स्विच अपुरा पडतो. राउटरला चार लॅन पोर्ट असतील तर मार्ग निघतो. राउटरच्या एका पोर्टमधून स्विचला केबल द्यायची. मग स्विचवर सात आणि राउटरवर तीन पोर्ट उरतात. नऊ संगणक बसून एक पोर्ट शिल्लक राहतो. मात्र इंटरनेट कंपनीने दिलेल्या बऱ्याच राउटरना एक-दोनच लॅन पोर्ट असतात आणि काहींचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. अशा घरी सोळा पोर्टचा साधा, म्हणजे कोणतेही सेटिंग न लागणारा गिगाबिट स्विच सरळ पडतो.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ असावी. घरातल्या अंतराची चिंता नाही, कारण १०० मीटरपर्यंत ती चालते. चिंता असते ती तुटक्या तारांची. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली तरी जोडणी बऱ्याचदा बंद पडत नाही, पण वेग बहुधा १०० वर उतरतो. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये जोडणीचा वेग 1000/1000 ऐवजी 100/100 दिसला, की आधी केबल बदलून पाहावी. दुसरी गफलत गर्दीत होते. जमिनीवर पडलेले केबलचे मोकळे टोक कुणीतरी मदतीच्या भावनेने त्याच स्विचमध्ये खोचतो. साध्या स्विचला हे वर्तुळ ओळखता येत नाही. तेच संदेश त्यात फिरत राहतात, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि सगळ्यांचा खेळ एकाच क्षणी थिजतो. ती केबल उपटली की नेटवर्क लगेच पूर्ववत होते.

पत्ते वाटण्याचे काम राउटरवर सोपवावे. प्रत्येक संगणकाला हाताने आयपी पत्ता देता येतो, पण आठ जणांत एखादा आकडा चुकतोच. शिवाय राउटर नसलेले नेटवर्क विंडोजला अनोळखी वाटते. ते त्याला Public ठरवते आणि फायरवॉल इतरांना दार उघडत नाही. ब्रॉडबँडची लाइन बंद असली तरी राउटर पत्ते वाटतच राहतो. राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 असेल, तर वाटपासाठी 192.168.1.100 ते 192.168.1.199 ही रांग ठेवावी. सर्व्हरला त्या रांगेबाहेरचा 192.168.1.10 हा कायमचा पत्ता द्यावा आणि सबनेट मास्क 255.255.255.0 ठेवावा. हा एकच पत्ता भिंतीवर कागदावर लिहून चिकटवला की पुरे.

प्रत्येकाने कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` देऊन आपला पत्ता पाहावा. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबल सैल असते किंवा राउटरच्या लॅनऐवजी वॅन पोर्टमध्ये गेलेली असते. काहींचा पत्ता 192.168.1 चा आणि काहींचा 192.168.0 चा निघाला, तर पाहुण्यांपैकी कुणीतरी स्वतःचा राउटर आणून जोडला आहे आणि तोही पत्ते वाटतो आहे. तो काढून, बाधित संगणकांच्या केबल एकदा काढून पुन्हा लावाव्यात.

खेळ निवडताना स्वतःचा सर्व्हर चालवता येतो का, हे आधी पाहावे. आजचे अनेक लोकप्रिय खेळ शेजारच्या खुर्चीवरच्या खेळाडूशीही कंपनीच्या दूरच्या सर्व्हरमार्फतच जोडतात. ते या बेतात बसत नाहीत. झोनॉटिक हा मोफत, मुक्तस्रोत नेमबाजीचा खेळ या कामाला उत्तम, कारण तो इन्स्टॉल करावा लागत नाही. झिप फाइल उलगडली की सुरू. एका पेन ड्राइव्हवरून तो सगळ्यांकडे गेला की आवृत्तीही आपोआप एकच राहते. स्टीमवरचे खेळ असतील तर प्रत्येकाने आदल्या दिवशी लॉगिन करून, अपडेट पुरे करून, तो खेळ ऑफलाइन मोडमध्ये एकदा उघडून पाहावा. उरलेल्यांसाठी स्टीममध्ये स्थानिक नेटवर्कवरून खेळ कॉपी करण्याची सोय २०२३ पासून आहे. कॉपी संपली की राउटरची इंटरनेटची केबल काढून ठेवणे शहाणपणाचे. नाहीतर मध्येच एकाचा खेळ अपडेट होतो आणि आवृत्ती न जुळल्याने तो एकटाच बाहेर राहतो.

सर्व्हर एखाद्या खेळाडूच्याच संगणकावर चालवता येतो, पण तो खेळाडू उठून गेला की सगळ्यांचा डाव मोडतो. झोनॉटिकचा सर्व्हर चित्रे काढत नाही, त्यामुळे कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉपही त्याला चालतो. खेळाच्या `server` फोल्डरमधली `server.cfg` ही फाइल `data` फोल्डरमध्ये कॉपी करून तिच्यात पुढील ओळी असाव्यात:

```
hostname "Ghar LAN"
sv_public 0
maxplayers 8
port 26000
```

`sv_public 0` मुळे सर्व्हर इंटरनेटवरच्या जाहीर यादीत जात नाही. मग `server_windows.bat` ही फाइल खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये आणून चालवावी. फायरवॉलने परवानगी विचारली, तर Private नेटवर्कसाठी ती द्यावी. ती खिडकी घाईत रद्द केली, तर विंडोज त्या प्रोग्रॅमला अडवण्याचा नियमच करून ठेवते आणि पुन्हा विचारत नाही. तो नियम फायरवॉलच्या यादीत जाऊन बदलावा लागतो. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही, हेही सेटिंगमध्ये पाहावे.

खेळाडूला यादीत सर्व्हर दिसला नाही, तर खेळात Shift+Esc दाबून कन्सोल उघडावा आणि थेट पत्ता द्यावा:

```
connect 192.168.1.10
```

असे जोडता आले, तर नेटवर्क ठीक आहे, फक्त शोध चुकीच्या दिशेने जातो आहे. बहुधा त्या लॅपटॉपचे वाय-फाय चालू असते किंवा व्हर्च्युअल मशीनचे नकली नेटवर्क कार्ड वाटेत येते. ते बंद केले की सर्व्हर यादीत येतो. थेट पत्त्यानेही जोडता आले नाही, तर आधी दोन्हीकडचे पत्ते, मग सर्व्हरची फायरवॉल तपासावी. `ping` ला उत्तर आले नाही, एवढ्यावरून केबलला दोष देऊ नये. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंग अडवते आणि तरीही खेळ व्यवस्थित चालतो.