जुन्या कामांचे फोल्डर: झिप करावेत की टार-एक्सझेड?

एका छोट्या डिझाइन ऑफिसने काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची वेबसाइट केली, असं धरू. ग्राहकाने बदल सांगितला की आधीच्या फोल्डरची जशीच्या तशी नक्कल करायची आणि नव्या नकलेवर काम करायचं, ही तिथली पद्धत. त्यामुळे मुख्य फोल्डरमध्ये `v1` ते `v5` असे पाच फोल्डर साठले. प्रत्येकात 24 एमबीचे तेच फोटो आणि 6 एमबीच्या आसपास कोड, मजकूर आणि तक्ते. एकूण 150 एमबी. काम केव्हाच संपलं, पण ग्राहक परत येऊ शकतो, म्हणून काहीच पुसता येत नाही. असे शंभर फोल्डर झाले की डिस्क भरते आणि कोणीतरी म्हणतं, ‘सगळं झिप करून ठेवू.’

झिप केल्यावर हे फोल्डर साधारण 127 एमबीवर येईल. म्हणजे फार काही वाचलं नाही. एखादा जाणकार सहकारी टार-एक्सझेड वापरून बघायला सांगेल. नेहमीच्या सेटिंगवर ते केलं तर 126 एमबी. एवढ्या एका एमबीसाठी कशाला खटाटोप, असं वाटून बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्याच फोल्डरला एक्सझेडची `-9` ही पातळी लावली तर फाइल 26 एमबीच्या आसपास उतरते. फोटो आणखी लहान होत नाहीत आणि साधा मजकूर चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो, एवढंच धरून हा हिशेब मांडला आहे. तुमच्या फोल्डरचे आकडे थोडे वेगळे येतील. पण 127 आणि 26 यांच्यातली दरी खरी आहे आणि तिचं कारण समजलं की कोणता पर्याय कुठे वापरायचा हे आपोआप कळतं.

फाइल लहान करणारे हे प्रोग्रॅम मुळात एकच काम करतात. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो नव्याने न लिहिता ‘इतकं मागे जा आणि तिथून इतकं उचल’ अशी छोटी खूण ठेवतात. मागे किती लांबपर्यंत बघता येतं, यावर बचत ठरते. झिप हा प्रकार 1989 मध्ये फिल कॅट्झ यांनी आणला. त्यात आजही सर्रास वापरली जाणारी डिफ्लेट ही पद्धत फक्त 32 केबी मागे बघते. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत 3 बाइट घेतं. म्हणजे मराठी मजकुरात ही नजर जेमतेम दीड-पावणेदोन हजार शब्दांपर्यंत पोहोचते. या लेखापेक्षा थोडा मोठा मजकूर, बस. त्यापलीकडचं झिपला आठवत नाही.

शिवाय झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे लहान करते. एक फाइल संपली की पाटी कोरी. `v1` मधला फोटो आणि `v2` मधला तोच फोटो एकसारखे आहेत, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून आपल्या उदाहरणात 24 एमबीचे फोटो पाच वेळा साठवले गेले.

टारची रीत उलटी आहे. हा प्रोग्रॅम 1979 च्या युनिक्समधला, मॅग्नेटिक टेपवर फाइली साठवण्यासाठी केलेला. तो काहीच लहान करत नाही. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली त्यांच्या नावांसह आणि परवानग्यांसह एकामागे एक जोडून एक लांबलचक फाइल बनवतो. ती फाइल मग एक्सझेडकडे जाते. एक्सझेडची पद्धत इगोर पाव्हलोव यांच्या 7-झिपमधून आलेली आहे. तिची नजर नेहमीच्या म्हणजे `-6` पातळीवर 8 एमबी मागे जाते आणि `-9` वर 64 एमबी.

आता आपला फोल्डर पुन्हा बघा. एक आवृत्ती 30 एमबीची आहे. म्हणजे `v2` मधला फोटो वाचला जात असताना त्याची पहिली प्रत 30 एमबी मागे असते. 8 एमबी बघणाऱ्याला ती दिसत नाही, 64 एमबी बघणाऱ्याला दिसते. `-9` वर प्रोग्रॅम जास्त मेहनत घेतो म्हणून एवढी बचत झाली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मेहनतीचा वाटा किरकोळ आहे, सगळी करामत या अंतराची आहे. म्हणूनच एकेक आवृत्ती 100 एमबीची असेल तर `-9` सुद्धा कमी पडेल. तेव्हा अंतर हाताने वाढवून द्यावं लागतं:

```
xz --lzma2=preset=9,dict=256MiB kaam.tar
```

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. `-9` वर लहान करताना एका वेळी सुमारे 674 एमबी रॅम लागते, उघडताना मात्र फक्त 65 एमबी. अंतर 256 एमबी केलं तर उघडणाऱ्या कॉम्प्युटरलाही तेवढी रॅम मोकळी ठेवावी लागते. आजच्या लॅपटॉपला हे जड नाही. वेळ मात्र लागतो, झिपच्या अनेक पट. जुनं काम एकदाच बांधून ठेवायचं असल्याने मला तो वेळ अजिबात जड वाटत नाही.

नकलांचा प्रश्न नसलेल्या, नुसत्या कोडच्या फोल्डरमध्ये फरक एवढा नाट्यमय नसतो, पण असतो. लिनक्स कर्नलचा कोड `kernel.org` वर दोन रूपांत मिळतो, जीझिप आणि एक्सझेड. जीझिपमध्येही झिपचीच डिफ्लेट पद्धत असते, त्यामुळे ही तुलना उपयोगी आहे. 2020 च्या अखेरीस आलेल्या 5.10 या आवृत्तीची एक्सझेड फाइल सुमारे 117 एमबीची आहे आणि ती जीझिपपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने लहान आहे. साध्या मजकुराच्या, कोडच्या किंवा तक्त्यांच्या फोल्डरात इतपत अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पण फोल्डरमध्ये लग्नाचे फोटो, व्हिडिओ किंवा वर्डच्या `.docx` फाइली असतील आणि कशाचीच दुसरी प्रत नसेल, तर झिप आणि एक्सझेड दोन्ही हात टेकतात. या फाइली आतून आधीच लहान केलेल्या असतात. `.docx` आणि `.xlsx` तर स्वतःच झिप फाइली आहेत. गिट वापरणाऱ्यांच्या `.git` फोल्डरमधला मालही आधीच दाबलेला असतो, तिथेही फार सुटत नाही. अशा ठिकाणी सरळ झिप करावी, एक्सझेडसाठी ताटकळण्यात अर्थ नाही. आणि बांधण्याआधी `node_modules` सारखे पुन्हा डाउनलोड करता येणारे फोल्डर काढून टाकले, तर वेबसाइटच्या कामांत कोणत्याही पद्धतीपेक्षा जास्त जागा तिथेच मोकळी होते. फक्त `package-lock.json` जपून ठेवायची, नाहीतर त्याच आवृत्त्या पुन्हा मिळणार नाहीत.

झिपच्या ज्या सवयीमुळे जागा वाया गेली, तिच्यातच तिची ताकदही आहे. झिपच्या शेवटी सगळ्या फाइलींची यादी असते, कोणती फाइल कुठे सुरू होते तेही त्यात लिहिलेलं असतं. ग्राहकाला फक्त लोगो हवा असेल तर झिप उघडून तेवढाच क्षणात काढता येतो. टार-एक्सझेडमध्ये लोगो शेवटी असेल तर त्याच्या आधीचं सगळं उलगडल्याशिवाय तो हाती लागत नाही. 26 एमबीला हे चालून जातं, 40 जीबीला नाही. नुसती यादी बघायलाही तेवढाच वेळ जातो, म्हणून यादी वेगळ्या फाइलीत काढून शेजारी ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला तर झिपमधली बहुधा एखाद-दुसरी फाइल जाते, बाकीच्या निघतात. टार-एक्सझेडमध्ये सगळं एकमेकांवर टेकलेलं असतं. बिघाड जिथे झाला तिथून पुढचा सगळा माल जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात `v1` मधल्या फोटोंना धक्का बसला तर पाचही आवृत्त्यांमधले फोटो गेले, कारण पुढच्या चारांत फक्त खुणा आहेत. म्हणून एक्सझेड वापरायचं तर दोन प्रती हव्यात, त्याही दोन वेगळ्या डिस्कवर. वाचलेल्या 100 एमबीतून दुसऱ्या प्रतीचे 26 एमबी देणं मला परवडणारं वाटतं.

मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी एक खबरदारी. झिपच्या नियमांत नावं युनिकोडमध्ये लिहिल्याची खूण 2006 मध्ये आली. त्याआधीच्या किंवा ती खूण न पाळणाऱ्या प्रोग्रॅमने केलेल्या झिपमध्ये ‘अंतिम मसुदा’ या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसू शकतात. एक-दोन फाइली झिप करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या की हे लगेच कळतं.

आपला 150 एमबीचा फोल्डर लिनक्सवर असा बांधता येईल:

```
tar --sort=name -cf - kaam | xz -9 -v > kaam.tar.xz
tar -tvf kaam.tar.xz > kaam-yadi.txt
```

`--sort=name` मुळे फाइली नावाच्या क्रमाने जोडल्या जातात. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीत क्रम तोच राहतो आणि दोन प्रतींमधलं अंतर एका आवृत्तीएवढंच, म्हणजे 30 एमबी राहतं. मॅक आणि विंडोजवर आधीपासून असलेल्या टारमध्ये ही सोय नाही. विंडोजवर 7-झिपने आधी टार फाइल करावी आणि मग तिचीच एक्सझेड करताना डिक्शनरी 64 एमबी निवडावी. उघडतानाही 7-झिपमध्ये हीच दोन पावलं उलट्या क्रमाने पडतात, आधी टार बाहेर येते आणि मग तिच्यातल्या फाइली. ज्याला फाइल पाठवायची त्याला हे झेपणार नसेल तर त्याला झिपच द्यावी.

2024 च्या मार्चमध्ये एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलं, तेव्हा अनेकांनी धास्तीने हा प्रकारच सोडला. दोष त्या दोन आवृत्त्यांतल्या प्रोग्रॅममध्ये होता, `.xz` या फाइलप्रकारात नव्हता. `xz --version` लिहून या दोन सोडून दुसरी आवृत्ती आहे एवढं बघून घ्यावं.

मूळ फोल्डर पुसण्याआधी दोन तपासण्या मात्र कराव्यातच. ज्या जागी `kaam` हा फोल्डर आहे, तिथूनच:

```
xz -t kaam.tar.xz
tar -df kaam.tar.xz
```

पहिली आज्ञा फाइल आतून शाबूत आहे का ते बघते. दुसरी बांधलेली प्रत डिस्कवरच्या मूळ फोल्डरशी एकेक फाइल ताडून बघते. दोन्ही आज्ञांनी पडद्यावर काहीही लिहिलं नाही तर सगळं जुळलं. `Contents differ` असं एखाद्या फाइलसमोर दिसलं तर दरम्यान कोणीतरी ती फाइल उघडून बदललेली असते किंवा डिस्क बिघडत असते. अशा वेळी फोल्डर नव्याने बांधावा, पुन्हा ताडून बघावा, दुसऱ्या डिस्कवर प्रत करावी, त्या प्रतीवरही `xz -t` चालवावं आणि मगच `v1` ते `v5` पुसावेत.