दहा वर्षे म्हणजे नेमकी किती? ‘ईपीएस-९५’च्या पात्रतेची सोपी उकल

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ म्हणजे खासगी नोकरदारांची ‘पीएफची पेन्शन’. तिच्या सूचनापत्रातली पात्रतेची अट साधारण अशी असते: ‘सदस्याने किमान दहा वर्षांची पात्र सेवा पूर्ण केलेली असावी व वयाची ५८ वर्षे पूर्ण झालेली असावीत.’ साध्या मराठीत सांगायचे तर पेन्शन खात्यात तुमच्या नावाने दहा वर्षांची वर्गणी जमा झालेली हवी आणि वय ५८ झालेले हवे. बहुतेक गैरसमज ‘दहा वर्षे’ याच शब्दांभोवती आहेत.

गैरसमज : दहा वर्षे एकाच कंपनीत काढावी लागतात.

वस्तुस्थिती : वेगवेगळ्या कंपन्यांतली सेवा एकत्र धरली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कामगाराने पहिल्या कारखान्यात १ ऑक्टोबर २०१४ ते ३१ डिसेंबर २०१८ म्हणजे ४ वर्षे ३ महिने काम केले, आणि दुसऱ्यात १ फेब्रुवारी २०१९ ते ३० जून २०२४ म्हणजे ५ वर्षे ५ महिने. एकूण सेवा ९ वर्षे ८ महिने भरली. नोकरी बदलताना त्याने फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले असते, तर पहिली सव्वाचार वर्षे हिशेबातून पुसली गेली असती. पैसे न काढता सेवा नव्या खात्यात वर्ग केली किंवा योजना प्रमाणपत्र घेतले, तर ती शाबूत राहते.

गैरसमज : दहाला चार महिने कमी पडले, म्हणजे पेन्शन गेली.

वस्तुस्थिती : सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, त्याहून कमी असेल तर सोडून देतात. त्यामुळे ९ वर्षे ८ महिन्यांची दहा वर्षे होतात. मात्र बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेतून वजा होतात. या कामगाराचे असे दिवस दोन महिन्यांच्या वर गेले, तर सेवा साडेनऊ वर्षांच्या खाली येते आणि मासिक पेन्शनऐवजी एकरकमी रक्कमच हाती पडते.

गैरसमज : पेन्शन शेवटच्या पूर्ण पगारावर ठरते.

वस्तुस्थिती : शेवटच्या ६० महिन्यांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याची सरासरी धरतात आणि सर्वसाधारणपणे त्याला महिना १५,००० रुपयांची मर्यादा आहे. या सरासरीला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. आपल्या कामगाराची सरासरी १४,००० रुपये असेल, तर १४,००० × १० ÷ ७० = २,००० रुपये महिना. खात्यातली शिल्लक किंवा व्याज या सूत्रात येत नाही. आपल्या पगारातून कापलेले १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत जातात. पेन्शन खात्यात जातात ते मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के. १४,००० वर हे १,१६६ रुपये होतात. पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात काही महिने शून्य दिसत असेल, तर कंपनीकडे आधीच विचारणा करावी.

गैरसमज : ५८ च्या आधी पेन्शन मिळतच नाही.

वस्तुस्थिती : दहा वर्षे भरली असतील आणि नोकरी सुटली असेल, तर पन्नाशीनंतर ती घेता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितकी दर वर्षामागे ४ टक्के घट होते आणि ती कायम राहते. ५७ व्या वर्षी घेतली तर वरचे २,००० रुपये १,९२० होतात.

अर्जाआधी जमवायची कागदपत्रे

मासिक पेन्शनचा अर्ज म्हणजे फॉर्म १०-डी. तो कंपनीमार्फत जातो. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक व्यवस्थापक यांच्याकडून साक्षांकन घेता येते. त्याआधी हे एका फाइलमध्ये लावून ठेवावे:

- यूएएन क्रमांक आणि सेवा इतिहासाची छापील प्रत. तिच्यात प्रत्येक नोकरी सोडल्याची तारीख आहे का, ते पाहावे. तारीख नसली की सेवा जोडताना अडते.
- आधार, पॅन आणि जन्मतारखेचा पुरावा.
- पती-पत्नीचा एकत्र फोटो. जोडीदाराला पुढे मिळणाऱ्या पेन्शनसाठी तो लागतो.
- २५ वर्षांखालील मुलांच्या जन्मतारखेचे दाखले.
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश.
- पूर्वी योजना प्रमाणपत्र घेतले असेल तर त्याची मूळ प्रत.
- नेमणूक व कार्यमुक्तीची पत्रे आणि जुन्या पगारपावत्या. नोंदीत खंड दिसला तर पुरावा म्हणून याच कामी येतात.

नाव आणि जन्मतारीख आधार, बँक व पीएफ नोंदीत सारखी आहे का, हे सर्वांत आधी ताडून पाहावे. आधारवर ‘सुरेशकुमार’ आणि पीएफमध्ये ‘सुरेश’ एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते, म्हणून हे काम नोकरीत असतानाच उरकावे.