दहा वस्तूंचं एक वर्ष : घरच्या बिलांवरून काढलेला भाववाढीचा हिशेब

ऊर्जानगरच्या आमच्या घरात ऑगस्ट 2024 आणि ऑगस्ट 2025 या दोन महिन्यांची बिलं समोरासमोर ठेवली आणि त्यातल्या रोजच्या दहा वस्तूंची टोपली केली: तांदूळ, गहू, तूरडाळ, सोयाबीन तेल, साखर, चहा, दूध, कांदा, अंगाचा साबण आणि गॅस सिलिंडर. दर गोल केले आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब घरी करून पाहावा, म्हणून तो रीतीसह मांडतो.

पहिलं काम नमुना नीट धरण्याचं. किराण्याचं बिल मिळतं, पण आठवडी बाजारातल्या कांद्याचं मिळत नाही. तो दर त्याच दिवशी वहीत उतरवावा लागतो. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो. तुलना मात्र ऑगस्टशी ऑगस्टचीच करायची. उन्हाळी कांदा बाजारात आला की दर उतरतो आणि साठा संपत आला की चढतो. मार्चचा दर ऑक्टोबरशी ताडून पाहिला, तर महागाईऐवजी हंगामच मोजला जातो.

आता आमची टोपली. दहापैकी सात वस्तू महागल्या, तीन स्वस्त झाल्या. तूरडाळ 170 रुपये किलोवरून 120 वर आली, कांदा 45 वरून 25 वर, आणि तांदूळ रुपयाने उतरला. तेल 110 रुपये लिटरवरून 140 वर गेलं. दहाही वस्तूंच्या टक्क्यांची साधी सरासरी काढली, तर उत्तर येतं: दर सरासरी 0.9 टक्क्यांनी घटले. ही सरासरी फसवी आहे. तिच्यात महिन्याच्या 5 किलो कांद्याला आणि 30 लिटर दुधाला सारखंच वजन मिळतं. आमच्या खर्चात कांद्याचा वाटा 4 टक्के, दुधाचा जवळपास 31 टक्के.

म्हणून लास्पेअर्सची रीत वापरायची. ऑगस्ट 2024 मध्ये जेवढा माल घेतला, तेवढाच ऑगस्ट 2025 च्या दरांनी पुन्हा विकत घेतला असं धरायचं. ऑगस्ट 2024 मध्ये टोपलीला 5,622 रुपये लागले, ऑगस्ट 2025 च्या दरांनी 5,661 लागले. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून 100 ने गुणलं की निर्देशांक 100.7 येतो, म्हणजे 0.7 टक्के वाढ. बिलं तीच, पण वजन दिलं की घट जाऊन वाढ दिसते. डाळीने महिन्याला 150 रुपये वाचवले, कांद्याने 100. तेलाने 120 जास्त नेले, दुधाने 60 आणि सिलिंडरने 50.

तेलाच्या दरामागचं कारण बिलावर नाही, सरकारी निर्णयात आहे. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलांवरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येत असल्याने त्याची झळ पिशवीपर्यंत पोचली. हा निर्णय सोयाबीन उत्पादकांच्या नावाने झाला होता. तरी त्या हंगामात 4,892 रुपये हमीभाव असताना राज्यात बहुतेक बाजार समित्यांत सोयाबीन त्याखाली विकलं गेलं. वरोरा-भद्रावतीकडचा शेतकरी कमी भावाने विकत होता आणि सोयाबीनचं तेल घरात महाग येत होतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. 30 मे 2025 रोजी शुल्क 10 टक्क्यांवर आणलं, पण ऑगस्टपर्यंत आमच्या बिलावरचा दर जुन्या पातळीला आला नव्हता. सिलिंडरचं कारण सोपं आहे: 8 एप्रिल 2025 पासून घरगुती सिलिंडरमागे 50 रुपये वाढले.

साबणाचं बिल मात्र काळजीने वाचावं लागलं. दोन्ही वर्षी वडीवर 36 रुपयेच. वेष्टनावरचं निव्वळ वजन पाहिलं, तर 100 ग्रॅमचे 90 झाले होते. 100 ग्रॅमला दर 36 चा 40 झाला, म्हणजे 11 टक्के वाढ. बिलावर वजन नसतं, म्हणून रिकामं वेष्टन बिलासोबत ठेवा. तेलाच्या पिशवीलाही हीच तपासणी लावा: एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, त्यामुळे कमी ग्रॅमच्या पिशवीचा दर लिटरच्या दराशी थेट ताडू नका.

या 0.7 टक्क्याला देशाच्या आकड्यासमोर ठेवताना सावध राहा. ऑगस्ट 2025 मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई 2.07 टक्के होती. त्या निर्देशांकात घरभाडं, औषधं, शिक्षण आणि प्रवासही मोजले जातात. आमच्या टोपलीत ते नाहीत. शिवाय डाळ स्वस्त झाल्यावर घरात ती जास्त आली, तेल जपून वापरलं गेलं, आणि स्थिर प्रमाणांची रीत हा बदल धरत नाही. त्यासाठी ऑगस्ट 2025 ची प्रमाणं घेऊन पाशेच्या रीतीने दुसरा निर्देशांक काढा आणि दोन्हींमधला फरक आपल्या वहीत लिहा. बिलांचे फोटो आजच काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्ष संपण्याआधीच पुसट होऊ शकते.